नजर किती दूर ठेवावी?

सायकल शिकवणारा मोठा भाऊ किंवा काका एक वाक्य हमखास म्हणतो, "पुढच्या चाकाकडे बघू नकोस, समोर बघ." चाकाकडे पाहणारा शिकाऊ स्वार डावीकडे-उजवीकडे हेलकावे खात जातो. समोर पाहू लागला की सायकल बरीच सरळ होते. पण तोच स्वार फारच दूर, म्हणजे वळणापलीकडे पाहत राहिला, तर वळणाच्या आतल्या बाजूच्या गटारात जाण्याची शक्यता असते. म्हणजे नजर फार जवळ नको आणि फार दूरही नको. मग नेमकी किती दूर?

स्वाराच्या बाबतीत हा प्रश्न सवयीने सुटतो. माणूस न बसवता, ठरवून दिलेल्या मार्गावरून चालणारी छोटी गाडी बनवायची असेल, तर मात्र हे अंतर आकड्यात सांगावे लागते. रत्नागिरीजवळच्या हातखंबा येथे एका शाळेच्या अंगणात अशी गाडी चालवून पाहताना हा आकडा आम्हाला कसा शोधावा लागला, ते या लेखात सांगणार आहोत. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या वर्तुळापलीकडे फारसे जात नाही.

मार्ग आणि गाडी

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला तिठा आहे. महामार्ग सोडून रत्नागिरीकडे जाणारी वाहने येथे वळतात. मुलांनी हे वळण रोज पाहिलेले असल्यामुळे अंगणातला मार्गही त्याच धर्तीवर आखायचा असे ठरले. आधी ६ मीटर सरळ रेषा, मग दीड मीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ आणि पुढे ४ मीटर सरळ रेषा. मार्गाच्या दोन्ही अंगांना चिऱ्याचे तुकडे मांडून ३६ सेंटिमीटर रुंदीची गल्ली केली. गाडीची रुंदी २४ सेंटिमीटर. म्हणजे गाडी बरोबर मधून गेली, तर दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर मोकळे राहतात. आमची सगळी परीक्षा या सहा सेंटिमीटरांची होती.

गाडीची रचना मोटारीसारखी होती. मागची चाके गाडी पुढे ढकलतात आणि पुढची चाके डावी-उजवीकडे वळतात. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ३० सेंटिमीटर, आणि पुढची चाके जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंत वळतात. अशी गाडी जागच्या जागी फिरू शकत नाही. चाके पूर्ण वळवली तरी ती सुमारे ६४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते, त्याहून लहान वर्तुळात नाही. मोटार आणि खेळण्यातला रणगाडा यांतला महत्त्वाचा फरक हाच.

गाडी कुठे आहे हे कळण्यासाठी गच्चीच्या कठड्याला एक कॅमेरा बांधला होता. गाडीच्या टपावर पुढे व मागे दोन वेगळ्या रंगांचे कागद चिकटवलेले होते. कॅमेऱ्याला जोडलेला संगणक त्या रंगांवरून गाडीची जागा व दिशा ओळखे आणि चाके किती वळवायची ते बिनतारी संदेशाने गाडीला कळवी. मागच्या आसाच्या मध्याखाली खडू बांधलेला होता. त्यामुळे गाडी प्रत्यक्ष कोठून गेली ते जांभ्याच्या फरशीवर आपोआप उमटत असे. पुढे सांगितलेले सगळे निष्कर्ष या खडूच्या रेघेवरून काढलेले आहेत.

एका बिंदूचा पाठलाग

चाके किती वळवायची हे ठरवण्याची जी रीत आम्ही वापरली तिला 'प्युअर पर्स्यूट', म्हणजे निव्वळ पाठलाग, असे म्हणतात. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात स्वतः रस्ता धरून चालणाऱ्या गाड्यांवर काम सुरू झाले. त्या प्रयोगांतून ही रीत पुढे आली. तेथील क्रेग कुल्टर यांनी १९९२ साली एका छोट्या अहवालात ती सुटसुटीतपणे मांडली आणि आजही शिकणारे बहुतेक जण तीपासूनच सुरुवात करतात.

कल्पना सोपी आहे. आखलेल्या मार्गावर गाडीपासून ठराविक अंतरावर पुढे असलेला एक बिंदू निवडायचा. सध्याच्या जागेवरून त्या बिंदूपर्यंत नेणारा वर्तुळाचा कंस काढायचा आणि चाके त्या कंसाप्रमाणे वळवायची. गाडी थोडी पुढे गेली की पुन्हा तेवढ्याच अंतरावरचा नवा बिंदू निवडायचा आणि नवा कंस काढायचा. गाडी त्या बिंदूपर्यंत कधीच पोहोचत नाही, कारण बिंदू सतत पुढे सरकतो. गाजर बांधलेल्या काठीमागे चालणाऱ्या गाढवाची गोष्ट मुलांना येथे चटकन आठवली. या ठराविक अंतराला आपण 'नजर-अंतर' म्हणू आणि ते `l` या अक्षराने दाखवू.

आता कंसाची त्रिज्या काढू. मागच्या आसाचा मध्य हा आरंभबिंदू माना. गाडीची समोरची दिशा म्हणजे `y` अक्ष आणि आडवी दिशा म्हणजे `x` अक्ष. निवडलेला बिंदू `(x, y)` येथे आहे. तो `l` अंतरावर असल्यामुळे `x² + y² = l²`. गाडी समोरच्या दिशेलाच निघणार, म्हणून कंस आरंभबिंदूपाशी `y` अक्षाला स्पर्श करतो. स्पर्शिकेला लंब असलेल्या त्रिज्येवर केंद्र असते, त्यामुळे केंद्र `x` अक्षावर `(R, 0)` येथे येते. केंद्रापासून निवडलेल्या बिंदूचे अंतरही `R` च असले पाहिजे.

```
(x - R)² + y² = R²
x² + y² = 2Rx
R = l² / (2x)
```

एवढेच सूत्र. त्रिज्या कळली की चाकांचा कोनही कळतो. दोन आसांमधले अंतर `L` असेल, तर `tan δ = L / R`, आणि `δ` हा पुढच्या चाकांचा कोन. मागच्या आसाचा मध्य आरंभबिंदू का मानला, याचे कारणही या दुसऱ्या सूत्रात आहे. मागची चाके आडवी घसरत नाहीत, म्हणून फिरण्याचे केंद्र नेहमी मागच्या आसाच्याच रेषेवर असते.

उदाहरण घेऊ. गाडी सरळ मार्गाला समांतर आहे, पण १० सेंटिमीटर बाजूला गेलेली आहे. नजर-अंतर ८० सेंटिमीटर ठेवले, तर `x` = ०.१ मीटर. त्रिज्या ०.६४ भागिले ०.२, म्हणजे ३.२ मीटर येते आणि चाके सुमारे ५ अंश वळतात. आता नजर-अंतर निम्मे, म्हणजे ४० सेंटिमीटर करा. त्रिज्या ०.१६ भागिले ०.२, म्हणजे ०.८ मीटर येते आणि चाके एकदम २० अंशांहून जास्त वळतात. सूत्रात `l` चा वर्ग असल्यामुळे नजर निम्मी केली की वळण चौपट तीव्र होते. जवळ पाहणारी गाडी उतावीळ असते आणि दूर पाहणारी गाडी संथ.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी आम्ही वेग सेकंदाला १ मीटर ठेवला आणि नजर-अंतर ५० सेंटिमीटर. जवळ पाहिले म्हणजे मार्ग काटेकोर धरला जाईल, असा आमचा भाबडा हिशेब होता. गाडी निघाली आणि दोन मीटर जाण्याच्या आत डावी-उजवीकडे झुलू लागली. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. सरळ रेषेच्या शेवटापर्यंत पोहोचण्याआधीच तिने चिऱ्यांना धडक दिली. "सर, गाडी झिंगलीय," एक मुलगा म्हणाला. खडूची रेघ सापासारखी उमटली होती आणि एका वळशापासून पुढच्या वळशापर्यंतचे अंतर सुमारे दीड मीटर भरत होते.

नजर जवळ ठेवली म्हणून गाडी झुलली, असे म्हणून आम्ही नजर-अंतर थेट दीड मीटर केले. आता सरळ भागात रेघ अगदी शांत आली. पण वळण सुरू होण्याच्या बरेच आधी गाडी आत वळली आणि आतल्या बाजूचे तीन चिरे तिने पाडले. अंतर १ मीटरवर आणले तरी आतला एक चिरा घासलाच. मग कोणी ७० सुचवले, कोणी ८५. काहींना चाके वळवणारी मोटर बदलून महाग मोटर घ्यावीशी वाटली. त्यासाठी वर्गणी काढण्याचेही बोलणे झाले. या टप्प्यावर अंदाजाने आकडे बदलणे थांबवून गणिताकडे वळलो, ते बरे झाले.

झोके कशामुळे?

"नजर जवळ म्हणून झोके" हे उत्तर अपुरे आहे. ते का, हे एका साध्या विचाराने कळते.

समजा, गाडी आज्ञा मिळताक्षणी चाके वळवते, त्यात यत्किंचितही उशीर होत नाही. गाडी सरळ रेषेच्या किंचित बाजूला आहे आणि तिला रेषेवर परत यायचे आहे. या भूमितीत लांबी ठरवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे नजर-अंतर. दुसरी कोणतीही लांबी तिच्याशी तुलना करायला नाही. म्हणून नजर-अंतर बदलले, तरी परत येण्याच्या वाटेचा आकार बदलूच शकत नाही. छायाचित्र मोठे केल्यासारखी ती वाट फक्त लांबीत ताणली जाते. हिशेब केल्यास असे दिसते की गाडी नजर-अंतराच्या सुमारे २.४ पट पुढे गेल्यावर रेषा ओलांडते. पलीकडे ती मूळ विचलनाच्या शेकडा ४ इतकीच जाते आणि मग रेषेवर स्थिर होते. १० सेंटिमीटर बाजूला असलेली गाडी पलीकडे अर्धा सेंटिमीटरसुद्धा जात नाही. नजर कितीही जवळ ठेवली तरी हेच. म्हणजे केवळ भूमितीमुळे गाडी झुलायलाच नको!

तरी आमची गाडी झुलली. याचा अर्थ आणखी एक लांबी कोठून तरी शिरली असली पाहिजे. ती लांबी उशिरातून येते. कॅमेरा चित्र घेतो, संगणक रंग ओळखतो, संदेश जातो, मोटर चाके फिरवते. यात काही वेळ जातो आणि तोवर गाडी पुढे सरकलेली असते. उशीर `τ` सेकंद आणि वेग `v` असेल, तर गाडी `d = vτ` इतके अंतर जुन्याच माहितीवर चालते. रेषेवर पोहोचून चाके सरळ करण्याची आज्ञा अंमलात येते, तोवर गाडी रेषेपलीकडे गेलेली असते.

आता दोन लांब्या आहेत, `l` आणि `d`. वाटेचा आकार त्यांच्या गुणोत्तरावर ठरतो. समीकरण सोडवल्यास सीमा मिळते ती अशी. नजर-अंतर हे `d` च्या १.९ पटीहून, म्हणजे जवळजवळ दुपटीहून कमी झाले की झोके वाढत जातात. दुपटीच्या किंचित वर ते वाढत नाहीत, पण फार हळू विरतात. तिप्पट ठेवल्यास एखादा ठळक झोका दिसतो आणि मग गाडी सावरते. चौपट ठेवल्यास उशीर नसल्यासारखीच वागणूक जवळजवळ मिळते.

हा उशीर मोजायचा कसा? गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी केली. टपावरचे रंगीत कागद ज्या पुठ्ठ्यावर होते, तो पुठ्ठा एका मुलाने झटकन बाजूला सरकवला आणि दुसऱ्याने मोबाइल फोनवर चित्रफीत घेतली. फोन सेकंदाला ३० चित्रे घेतो. पुठ्ठा हलल्यापासून चाके वळेपर्यंत ९ चित्रे गेली. म्हणजे उशीर ०.३ सेकंद. वेग सेकंदाला १ मीटर असल्यामुळे `d` = ३० सेंटिमीटर. त्याची १.९ पट म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटर. आम्ही नजर ५० सेंटिमीटरवर ठेवली होती. झोके वाढत गेले यात नवल काहीच नव्हते. मोटर बदलून फारसे साधलेही नसते, कारण चित्रफितीत दिसत होते की बहुतेक वेळ चाके हलायला सुरुवात होण्याआधीच जात होता.

वळण किती कापले जाते?

ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा वळण घालते.

प्रथम एक गंमत लक्षात घ्यावी. गाडी जर एखाद्या वर्तुळावर बरोबर चालत असेल, तर पुढचा बिंदूही त्याच वर्तुळावर असतो. गाडीच्या जागेतून जाणारा, तिच्या दिशेला स्पर्श करणारा आणि त्या बिंदूतून जाणारा कंस एकच असतो, आणि तो म्हणजे तेच वर्तुळ. म्हणून सलग वर्तुळाकार वळणात ही रीत काहीही चूक करत नाही, नजर-अंतर कितीही असो. चूक होते ती वळण सुरू होताना आणि संपताना, म्हणजे वक्रता बदलते तेथे.

सरळ भागावर असतानाच निवडलेला बिंदू वळणात शिरतो आणि गाडीला आत ओढू लागतो. त्यामुळे ती वळण सुरू होण्याआधीच आत झुकते. वळण फार तीव्र नसेल तर हे आत झुकणे जास्तीत जास्त किती, याचे सूत्र सुटसुटीत येते.

```
e = l² / (10R)
```

येथे `R` ही वळणाची त्रिज्या आणि `e` हे आत जाणे. नेमका गुणक ०.१०४ आहे, आपण दहावा भाग धरू. हे सर्वांत मोठे विचलन वळण सुरू झाल्यानंतर, नजर-अंतराच्या निम्म्याहून थोडे पुढे दिसते. वळण संपताना उलटे होते. बिंदू आधीच सरळ रेषेवर जातो, गाडी लवकर सरळ होते आणि तितकीच बाहेरच्या बाजूला सरकते. दूर पाहणारी गाडी वळण फक्त आतून कापते असे पुष्कळांना वाटते. वळणाच्या शेवटी बाहेरचे चिरे तपासले की दुसरी बाजूही दिसते. या सूत्रात उशीर धरलेला नाही. उशिरामुळे गाडी आत झुकायला उशिरा लागते, म्हणून आतले कापणे थोडे घटते आणि नंतरचा झोका वाढतो. तसेच नजर-अंतर त्रिज्येएवढे झाले की सूत्र ढोबळच राहते. तरी निवड करायला एवढे पुरते.

आमच्या अंगणात `R` = १.५ मीटर. नजर दीड मीटर ठेवली तेव्हा `e` = २.२५ भागिले १५, म्हणजे १५ सेंटिमीटर. मोकळी जागा ६ सेंटिमीटर. तीन चिरे पडले ते यामुळे. नजर १ मीटर ठेवली तेव्हा ६.७ सेंटिमीटर, म्हणून एक चिरा घासला. उलट बाजूने विचार केला, तर ६ सेंटिमीटरच्या आत राहण्यासाठी `l²` हा ०.९ पेक्षा कमी हवा, म्हणजे नजर-अंतर ९५ सेंटिमीटरपेक्षा कमी हवे.

खिडकी उघडणे

दोन्ही मर्यादा शेजारी ठेवून पाहू. वेग सेकंदाला १ मीटर असताना शांत चालण्यासाठी नजर-अंतर `d` च्या चौपट, म्हणजे १२० सेंटिमीटर हवे. वळण न कापण्यासाठी ते ९५ च्या आत हवे. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. तिपटीवर, म्हणजे ९० सेंटिमीटरवर, तडजोड करता येते, पण तेथे झोका दिसतो आणि वळणातली मोकळी जागाही जेमतेम उरते. मुले ७० आणि ८५ यांवर वाद घालत होती, पण त्या वेगाला पूर्ण समाधानकारक असा आकडाच नव्हता. ज्या कुलपाला किल्लीच नाही, त्याला किल्ल्या लावून पाहण्यासारखे ते होते.

मार्ग दोनच. उशीर कमी करायचा किंवा वेग कमी करायचा. वेग आमच्या हातात होता. तो सेकंदाला ६० सेंटिमीटर केला. आता `d` = १८ सेंटिमीटर, त्याची चौपट ७२ सेंटिमीटर. वरची मर्यादा ९५ वरच राहते, कारण तिचा वेगाशी संबंध नाही. म्हणजे ७२ ते ९५ अशी खिडकी उघडली. आम्ही ८० निवडले. सूत्राप्रमाणे वळणात ४.३ सेंटिमीटर आत जायला हवे होते. खडूची रेघ ४ सेंटिमीटरच्या आसपास आत गेली, एकही चिरा हलला नाही आणि वर्गणीचा विषय आपोआप मागे पडला.

नंतर कॅमेऱ्याचे चित्र लहान करून संगणकाचे काम हलके केले, तेव्हा उशीर ०.२ सेकंदांवर आला. `d` ची चौपट ८० सेंटिमीटर होण्यासाठी आता वेग सेकंदाला १ मीटर चालतो. म्हणजे महाग मोटरीशिवाय पहिलाच वेग परत मिळाला.

मोठ्या गाड्यांमध्ये वेग सतत बदलतो. म्हणून तेथे नजर-अंतर पक्के न ठेवता वेगाच्या प्रमाणात ठेवतात आणि त्याला खालची व वरची हद्द घालतात. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर वेग आणि तोच ०.३ सेकंदांचा उशीर धरला, तर `d` ५ मीटर होतो आणि नजर-अंतर २० मीटर हवे. वळण तीव्र असेल तर वरची हद्द आडवी येते आणि वेगच कमी करावा लागतो. वळणाआधी वेग कमी करण्याचे एक कारण घसरण्याची भीती हे आहेच. पण जो उशिराने प्रतिसाद देतो त्याला वेगात वळण धरताच येत नाही, हे दुसरे कारण या हिशेबातून दिसते.

रेघ वाचावी कशी?

गाडी चुकली की लगेच नजर-अंतर बदलण्याचा मोह होतो. त्याआधी खडूची रेघ वाचावी. सरळ भागात नागमोडी रेघ असेल, तर नजर-अंतर उशिराच्या मानाने कमी आहे. वेग निम्मा करून पुन्हा चालवावे. नागमोड नाहीशी झाली, तर निदान पक्के. सरळ भागात रेघ स्वच्छ पण वळणाच्या आरंभी आत आणि शेवटी बाहेर जात असेल, तर नजर-अंतर त्रिज्येच्या मानाने जास्त आहे. वेग कमी केला तरी ही चूक जवळजवळ तशीच राहते.

तिसरी खूण फसवी आहे. सरळ भागात रेघ मार्गाला समांतर, पण सतत एकाच बाजूला राहते. आमच्या गाडीत एकदा असे झाले. रेघ जवळजवळ ४ सेंटिमीटर डावीकडे होती. चाकांना "सरळ" अशी आज्ञा दिली तरी ती २ अंश डावीकडे वळलेली राहत होती, जोडणीतच चूक होती. ही रीत फक्त आत्ताची जागा पाहते, मागच्या चुकांचा साठा ठेवत नाही. त्यामुळे जेवढ्या विचलनाने उजवीकडे २ अंशांची आज्ञा निघेल, तेवढ्या विचलनावर गाडी स्थिरावते. पहिल्या सूत्रावरून ते विचलन `l²/(2R)` येते, आणि २ अंशांसाठी `R` सुमारे ८.६ मीटर. ८० सेंटिमीटर नजरेला हे ३.७ सेंटिमीटर होते. नजर-अंतर कमी केले तर ही चूक घटते खरी, पण झोक्यांची सीमा जवळ येते. येथे इलाज पान्याने करायचा असतो, आकड्याने नव्हे.

कागदावर करून पाहा

गाडी नसली तरी हा प्रयोग वर्गात करता येतो. कागदावर एक लांब सरळ रेषा काढा. तिच्यापासून १ सेंटिमीटर बाजूला गाडीचा बिंदू घ्या आणि रेषेला समांतर अशी दिशा दाखवा. नजर-अंतर ४ सेंटिमीटर ठेवा. कंपासने रेषेवरचा पुढचा बिंदू शोधा. कंपासचा कंस रेषेला दोन ठिकाणी छेदतो, त्यांतला पुढचाच घ्यायचा. त्या बिंदूचे `x` मोजा आणि `R` काढा. आता २ सेंटिमीटरचा एक टप्पा पुढे जा. या टप्प्यात दिशा किती अंशांनी बदलते, ते ११५ ला `R` ने भागून मिळते (`R` सेंटिमीटरमध्ये). पहिल्या टप्प्यात `R` = ८ सेंटिमीटर, म्हणून १४ अंश. गाडीचा बिंदू सरकवताना आधीच्या व नंतरच्या दिशेच्या मधली दिशा घ्यावी. चार-पाच टप्प्यांत बिंदू रेषेवर शांतपणे येऊन बसेल.

मग तोच प्रयोग उशीर घालून करा. पहिला टप्पा सरळ जा आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला त्याआधीच्या टप्प्याच्या सुरुवातीला काढलेले उत्तर वापरा. पाचव्या टप्प्याला बिंदू रेषेच्या दुसऱ्या बाजूला, सुरुवातीच्या १ सेंटिमीटरपेक्षाही दूर गेलेला दिसेल आणि पुढे झोके वाढत जातील. आता उशीर तसाच ठेवून नजर-अंतर १० सेंटिमीटर करा. दोन कागद जोडून घ्यावे लागतील, कारण परत यायला जास्त अंतर लागते. पण झोके नाहीसे झालेले दिसतील. वर्गात दोन गट करून एकाला उशिरासह ४ आणि दुसऱ्याला उशिरासह १० सेंटिमीटर दिल्यास दोन्ही कागद शेजारी लावून तुलना करता येईल.